हसरी महिला, हात पोटाशी

माझी आई जन्मापासून बहिरी आहे, बाबाही. मला ऐकू येतं. घरात आम्ही हातांनी बोलतो, आणि भांडतोही हातांनीच. लोक आधी हळहळतात, मग विचारतात, "मग तुम्ही बोलायला शिकलात कशा?" या प्रश्नाचा मला इतका वीट आलाय की अलीकडे मी उत्तरच देत नाही. आज ज्या गोष्टीचा राग काढायला बसले आहे ती दुसरीच आहे. आईच्या डाव्या डोळ्याची.

आई-बाबा नाशिक रोडला राहतात. बाबा एका छापखान्यातून निवृत्त झाले. मी चांदवडला शाळेत शिकवते, नवरा तिथलाच. आठवडाभर आमचं बोलणं व्हिडिओ कॉलवर चालतं, पण व्हिडिओ कॉलला दोन्ही बाजूंचे दोन्ही हात मोकळे लागतात. आई पोळ्या लाटत असते, मी वह्या तपासत असते. म्हणून एका दिवाळीच्या सुट्टीत मी तिचे स्टिकर केले. हिरव्या ॲपवर लोक गुलाब आणि वाफाळता चहा पाठवतात, तसेच हलते स्टिकर, फक्त त्यात आई. तिला गॅलरीत उभी केली, दोन-तीन सेकंदांचे व्हिडिओ घेतले आणि एका ॲपमधून ते कापून स्टिकर बनवले. जेवलीस का. उशीर होईल. औषध घे. पाणी गेलं. दुखतंय. नीट दिसत नाही. नको. ये लवकर. असे पन्नासएक. दुखतंयचे तर दोन केले, एक गुडघ्याचा आणि एक डोळ्याचा, कारण मोतीबिंदू तेव्हाच सुरू झाला होता.

आईला ते फार आवडले. तिला लिहिता येतं, पण तिचं मराठी आपल्यासारखं जुळून येत नाही. हातांच्या भाषेची रचना वेगळी असते, त्यामुळे ती लिहिते, 'डोळा दुखणे काल जास्त रात्र झोप नाही.' मला त्यात काही कमी वाटत नाही. पण किराणा दुकानदाराने एकदा तिची यादी शेजारच्याला दाखवून हसवलं, तेव्हापासून ती परक्या माणसाला लिहून काही पाठवत नाही. स्टिकर पाठवते. त्यात चूक काढायला जागा नसते.

एक सवय मात्र तिची जात नाही. कुणी कॅमेरा धरला की ती आधी सरळ उभी राहते, दोन्ही हात पोटाशी घेते, हसते, आणि मग बोलायला लागते. ही सवय तिच्या शाळेची. तिच्या लहानपणी बहिऱ्या मुलांच्या शाळेत हातांनी बोलायला बंदी होती. ओठ हलवा, आवाज काढा. हात हलले की बोटांवर पट्टी. पाहुणे आले की मुली रांगेत, हात पोटाशी, चेहरा हसरा. आई ते सांगताना आजही हसते, मला मात्र ऐकवत नाही. त्यामुळे पन्नासच्या पन्नास स्टिकर सुरू होतात ते हात पोटाशी धरून हसणाऱ्या आईपासून. 'डोळा दुखतोय' हाही तसाच सुरू होतो.

डाव्या डोळ्याचं ऑपरेशन शहरातल्या एका मोठ्या नेत्ररुग्णालयात झालं. नाव घेत नाही. ऑपरेशन उत्तम झालं, डॉक्टर हुशार आणि सरळ माणूस, त्याबद्दल माझी तक्रार नाही. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली, तपासणी झाली, सगळं ठीक. घरी सोडताना काउंटरवरच्या मुलीने एक रंगीत कागद दिला. ऑपरेशननंतर रोज सकाळी रुग्णालयाचं चॅट तुम्हाला विचारेल, डोळा कसा आहे. तुम्ही उत्तर द्यायचं. कागदावर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं की लिहून पाठवा, बोलून पाठवा, फोटो, इमोजी, स्टिकर काहीही पाठवा, आमच्या चॅटला सगळं समजतं. मी मुलीला सांगितलं, आई-बाबांना ऐकू येत नाही, फोन करून उपयोग नाही. ती म्हणाली, मग तर चॅट यांच्यासाठी एकदम सोयीचं. आईने तो कागद वाचला आणि तिचा चेहरा उजळला. तिने मला खुणेने विचारलं, स्टिकरसुद्धा? मी म्हटलं, स्टिकरसुद्धा.

बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात, हे मला तेव्हा कसं कळणार.

पहिले काही दिवस बरे गेले. मग एका मंगळवारी संध्याकाळी आईचा डोळा ठणकू लागला. बुधवारी सकाळी चॅटने विचारलं, 'आज डोळा कसा आहे?' आईने 'डोळा दुखतोय'चा स्टिकर पाठवला. खाली, मोठ्या माणसांशी बोलताना असावी तेवढी रीत म्हणून, हात जोडल्याचा एक इमोजी. उत्तर आलं:

'वा! तुम्ही प्रसन्न दिसता आहात. नमस्कार! थेंब वेळेवर घालत राहा. 😊'

आईला वाटलं, दवाखान्याला कळलं. दुखणार, थेंब घाला म्हणतात. दुपारी तिने परत तोच पाठवला, परत हात जोडले. परत 'छान, तुमची प्रगती उत्तम आहे'. संध्याकाळी मी व्हिडिओ कॉल केला तेव्हा तिने काळा चष्मा घातलेला होता, ऑपरेशननंतर घालतातच. मी विचारलं तर म्हणाली, थोडं दुखतंय, दवाखान्याला सांगितलंय, ते म्हणतात छान आहे. दवाखान्याच्या वर मी कोण?

गुरुवारी सकाळी डोळ्यापुढे धुकं आलं. तिने 'नीट दिसत नाही' पाठवला. तोही हसऱ्या आईपासून सुरू होणारा. चॅट म्हणालं, 'तुमचं हास्य पाहून आनंद झाला!' यावर आई घाबरायची सोडून गोंधळली. तिने बाबांना विचारलं, दिसत नाही म्हटल्यावर यांना आनंद का होतो?

बाबांनी विचार केला आणि आपल्या फोनवरून प्रयत्न केला. ते दुसरं, निळं ॲप वापरतात, आणि रुग्णालयाचं चॅट तिथेही होतं. त्यांनी एका रडणाऱ्या कार्टूनचा हलता स्टिकर पाठवला आणि खाली आईचं नाव लिहिलं. तिथून उत्तर आलं, 'या प्रकारची फाईल मला उघडता येत नाही. त्रास होत असल्यास कृपया खालील क्रमांकावर त्वरित फोन करा.'

फोन करा. घरी सोडतानाच मी सांगितलं होतं की ऐकू येत नाही. पण एवढं खरं, दोघांपैकी जे चॅट 'मला कळलं नाही' म्हणालं त्याच्यामुळेच पुढचं सगळं हललं. बाबांना उलगडलं की या यंत्राला काही गोष्टी दिसतच नाहीत, मग हिचंही दिसलं नसेल. त्यांनी मला शाळेत व्हिडिओ कॉल केला. तास चालू होता. त्यांनी फोन आईच्या तोंडासमोर नेला आणि तिचा चष्मा काढला.

डोळा लाल नव्हता नुसता. बुबुळाच्या आत खाली पांढुरकं काहीतरी साचलेलं दिसत होतं.

मी मुलांना दुसऱ्या बाईंच्या ताब्यात दिलं आणि रस्त्यावर येऊन रुग्णालयाला फोन लावला. पलीकडे काउंटरवरची तीच मुलगी. तिने आईचं नाव शोधलं आणि अगदी नम्रपणे म्हणाली, "मॅडम, आमच्याकडे पेशंट ठीक आहेत. काल दोनदा आणि आजही, तिन्ही वेळा पडद्यावर ग्रीन ठिपका आहे." मी तिला काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. एवढंच सांगते की रस्त्यावरची माणसं वळून बघायला लागली. मी तिला सांगितलं, वडील आत्ता आईला रिक्षाने घेऊन येतायत, दारात कुणीतरी उभं राहा, त्यांना हाक मारू नका, त्यांना ती ऐकू येणार नाही.

चांदवडहून नाशिकला बस दीड तास घेते. त्या दीड तासात मी पाच जणांशी भांडले, त्यात कंडक्टरही आला, बिचाऱ्याचा काही दोष नसताना.

मी पोहोचले तेव्हा डॉक्टरांनी आईला आत घेतलं होतं. वॉर्डमधल्या मावशी आमच्या चांदवडच्याच बाजूच्या निघाल्या. त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "ताई, लय लाल हाय वो डोळा. आधी का नाय आणलं?" आधी का नाही आणलं. हा प्रश्न त्यांनी काउंटरवरच्या हिरव्या ठिपक्याला विचारायला हवा होता. डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, डोळ्याच्या आत जंतुसंसर्ग झालाय, आत्ताच इंजेक्शन देतो, गरज पडली तर उद्या परत ऑपरेशन. मी विचारलं, काल आणलं असतं तर? त्यांनी थेट माझ्याकडे पाहिलं. "नक्की सांगता येत नाही. पण या आजारात एक दिवस म्हणजे फार असतो."

इंजेक्शन दिलं, दुसऱ्या दिवशी ऑपरेशनही झालं. आई शहाण्यासारखी पडून होती. तिला एकाच गोष्टीची भीती होती आणि ती तिने मला पुन्हा पुन्हा सांगितली. उजव्या डोळ्यातही मोतीबिंदू होता, तोही धूसरच. ती म्हणत होती, डोळे गेले तर मी तुमचं बोलणं कशाने ऐकू? माणसं म्हणतात 'एक डोळा गेला तरी दुसरा आहे ना'. त्यांना कान आहेत, म्हणून ती असं बोलू शकतात.

आई घरी आल्यावर मी रुग्णालयाच्या संचालकांकडे गेले. तोवर त्यांनी काउंटरवरच्या मुलीला कामावरून काढलं होतं. मी सांगितलं, चोर सोडून संन्याशाला फाशी देऊ नका, तिला आधी परत बोलवा. तिला पडद्यावर हिरवा ठिपकाच दिसत होता, आणि हिरवा ठिपका असला की संदेश उघडायचा नाही असं तिला तुम्हीच शिकवलं होतं. मग मला तो माणूस हवा होता ज्याने हे चॅट बसवलं. चार दिवसांनी त्याला बोलावलं. शहरातल्याच एका छोट्या कंपनीचा, तिशीचा, नम्र. त्याचं नम्र असणंही मला त्या दिवशी सोसत नव्हतं.

त्याने लॅपटॉप उघडला आणि नीट समजावून सांगितलं, हे मान्य करते. इमोजी म्हणजे चित्र नव्हे, तो अक्षरासारखाच असतो. प्रत्येकाचा ठरलेला क्रमांक असतो, त्यामुळे चॅट तो मजकुरासारखा वाचतं. आईने जोडलेले हात चॅटने बरोबर वाचले होते, नमस्कार आणि आभार. स्टिकर वेगळा. ती चित्राची फाईल असते. न हलणारा असेल तर एकच चित्र. हलता असेल तर एकापाठोपाठ एक अशी बरीच चित्रं एकाच फाईलमध्ये असतात, आणि प्रत्येक किती वेळ दाखवायचं तेही आत लिहिलेलं असतं. त्यांच्या चॅटमध्ये चित्र ओळखणाऱ्या भागाला एकच स्थिर चित्र लागतं, म्हणून फाईलमधलं पहिलं चित्र काढून त्याला द्यायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. त्या भागाने वर्णन लिहिलं. ते वर्णन आणि खालचा नमस्कार मिळून उत्तर तयार झालं, आणि संदेश 'अभिवादन' या खात्यात हिरवा झाला. बाबांच्या निळ्या ॲपवरची फाईल तर चित्रांचीही नव्हती. त्यात कार्टून कसं काढायचं याच्या सूचना दाबून भरलेल्या असतात. त्या उघडण्याची सोयच चॅटमध्ये नव्हती, म्हणून ते सरळ नाही म्हणालं.

मी म्हटलं, आईचं वर्णन काय लिहिलं होतं ते दाखवा. त्याने दाखवलं. तिन्ही वेळा एकच ओळ होती.

'हसरी महिला, हात पोटाशी.'

मग मी त्याला म्हटलं, आता फाईल पुढे न्या. एकेक चित्र. त्याने बाण दाबला. आईचे हात पोटापासून सुटले. पुन्हा दाबला, उजवा हात वर निघाला. पुन्हा. बोटं डाव्या डोळ्याजवळ आली. पुन्हा. बोटं वाकडी झाली, पिरगाळल्यासारखी, कपाळाला आठी पडली, तोंड कडेला ओढलं गेलं. ज्याला हातांची भाषा येत नाही त्यालाही कळावं असं ते होतं. तिने जे सांगायचं ते पूर्ण सांगितलं होतं. ते फाईलमध्ये होतं, रुग्णालयाकडे पोहोचलंही होतं, आणि दोन दिवस कुणी दुसरं चित्र उघडून पाहिलं नव्हतं.

तो म्हणाला की मॅडम, बहुतेक पेशंटचे स्टिकर म्हणजे सुप्रभात, गुलाब, गणपती एवढंच असतं, म्हणून ते अभिवादनात टाकले. मी विचारलं, हे तुम्ही मोजलंत की गृहीत धरलंत? आता बदल केलाय, तो म्हणाला. फाईलमधून अंतराअंतराने पाच-सहा चित्रं घेतो. वरातीमागून घोडं. पण मी म्हटलं, दाखवा. त्याने आईचाच स्टिकर परत घातला. थोड्या वेळाने ओळ आली, 'महिला डाव्या डोळ्याकडे निर्देश करत आहे, चेहऱ्यावर वेदना.'

हे वाचून मला शांत व्हायला हवं होतं. उलट राग आणखी चढला. म्हणजे ते येत होतं. कुठली मोठी विद्या लागत नव्हती, पाच चित्रं जास्त बघायची होती, बस. आणि तेवढंही जमणार नसेल तर 'मला हे समजलं नाही' असं म्हणून संदेश माणसाकडे द्यायचा होता. निळ्या ॲपवरच्या चॅटला ते जमलं होतं. आईला वेडगळ ठरवलं असतं तरी तिने काहीतरी केलं असतं. तिला 'छान' म्हणून बसवून ठेवलं, तेही तिच्या दोन्ही हातांकडे न पाहता. आईच्या शाळेतल्या बाईही हेच करायच्या, हातांकडे न पाहता चेहरा हसरा आहे की नाही ते बघायच्या. निदान त्या बाईंच्या हातात पट्टी दिसत तरी होती.

मी त्याला सांगितलं, पाच चित्रं घेतलीत म्हणून हातांची भाषा कळली असं समजू नका. 'नको' आणि 'नीट दिसत नाही' यांत तुमचं यंत्र पुन्हा फसेल. माणूस हातांनी बोलतोय एवढं जरी ओळखलं तरी लाल ठिपका द्या आणि जिवंत माणसाला उठवा. आणि कागदावरचं 'सगळं समजतं' हे आजच्या आज काढा. संचालक म्हणाले, नवीन कागद छापायला टाकतो. मी टेबलावरचा गठ्ठा उचलला आणि त्यांच्यासमोर कचऱ्याच्या डब्यात टाकला. मी शिक्षिका आहे, असं वागू नये मला माहीत आहे. मला अजूनही त्याचं वाईट वाटत नाही.

काउंटरवरची मुलगी कामावर परत आली. आता ती प्रत्येक स्टिकर स्वतः उघडून बघते, कुणी सांगितलेलं नसताना.

महिन्याने तपासणीला गेलो. मी आईच्या समोर उभी राहून डॉक्टरांचं बोलणं हातांनी सांगत होते. त्यांनी तिचा उजवा डोळा झाकला आणि भिंतीवरचा तक्ता दाखवला. सगळ्यात मोठं अक्षरही नाही. मग जवळ येऊन बोटं धरली, किती? आईने मान हलवली. मग त्यांनी तिच्या डाव्या डोळ्यापुढे स्वतःचा हात इकडून तिकडे हलवला. आईने लगेच खूण केली, हात हलतोय. डॉक्टरांनी तेवढंच लिहिलं. मी विचारलं, यापुढे नजर सुधारेल? ते म्हणाले की आशा ठेवू नका, दुसऱ्या डोळ्याची मात्र नीट काळजी घेऊ.

बाहेर बाकावर आई म्हणाली, मला बघायचंय. तिने आपल्या तळहाताने उजवा डोळा गच्च झाकला आणि माझ्याकडे डावा डोळा केला. काहीतरी बोल, म्हणाली. मी बोलले. लहानपणापासून तिच्याशी बोलत आलेय तसं, दोन्ही हातांनी, तिच्या अगदी जवळ. तिने मान पुढे काढून पाहिलं. मी पुन्हा बोलले, सावकाश. मग तिने मोकळ्या हाताने मला थांबवलं.

"तुझे हात हलतायत," ती म्हणाली. "काय म्हणतेस ते कळत नाही."